कापलेले पर्याय

राज्यसेवा पूर्वच्या माझ्या पहिल्या प्रयत्नाची उत्तरतालिका आली, तेव्हा मी गावी होते. तेरजवळ, तेरणेकाठी आमचं घर. ओसरीत बसून उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत तालिकेशी ताडून बघितली. पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं की पाव हिस्सा म्हणजे अर्धा गुण वजा. मी ९४ सोडवले होते. ५१ बरोबर, ४३ चूक. १०२ मधून साडेएकवीस गेले, राहिले साडेऐंशी. तेवढ्यात काही भागणार नव्हतं, हे तालिका बघतानाच कळलं.

आप्पांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "अंदाजपंचे फार ठोकलं, त्यानं बुडवलं."

माझं तेव्हा खरंच तसं मत होतं. संभाजीनगरला ज्या क्लासला मी जात होते तिथले सर दर रविवारी सांगायचे, की येत नसेल तर सोडून द्या, तुक्के मारणारा निगेटिव्हमध्ये मरतो. तेच सर सोमवारी तुक्के मारायच्या ट्रिकाही शिकवायचे. त्यातली विसंगती तेव्हा माझ्या डोक्यात आली नव्हती.

आठवडाभराने प्रश्नपुस्तिका पुन्हा काढली. मला एक सवय आहे, जो पर्याय चुकीचा वाटेल त्याच्यावर पुस्तिकेतच आडवी काट मारायची. त्यामुळे कुठल्या प्रश्नात मी काय विचार केला होता हे पेन्सिलीनं लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. मी वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात जे मला पक्के येत होते ते. दुसऱ्यात ज्यांचे दोन पर्याय कापून दोनावर आले होते ते. तिसऱ्यात ज्यात काटच नव्हती, सरळ गोळा काळा केला होता, ते. एकच पर्याय कापलेले चारदोन प्रश्न होते, तेही मी तिसऱ्यात धरले.

पक्के ३८ होते, त्यातले ३३ बरोबर आले. तिसऱ्या रकान्यात २६ होते, त्यात सहा बरोबर. म्हणजे १२ गुण मिळाले आणि वीस चुकांचे दहा गेले. वर दोन गुण उरलेच. मी पुन्हा मोजलं. ज्या तुक्क्यांनी मला बुडवलं म्हणून मी आप्पांना सांगितलं होतं, त्यांनी तर दोन गुण दिले होते.

मग बसून हिशेब केला. पाच प्रश्नांत एक बरोबर आला तर दोन गुण मिळतात, चार चुकांचे दोन जातात, म्हणजे जमाखर्च सारखा. चार पर्याय असल्यावर नुसतं डोळे मिटून ठोकलं तरी सरासरीनं चारात एक लागतो. म्हणजे पाव वजा असलेल्या परीक्षेत आंधळा अंदाजसुद्धा तोट्याचा नाही, किंचित फायद्याचाच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश वजा होतात, तिथे चारात एक लागला तर बरोबर शून्य. म्हणजे सरांचं म्हणणं तिथेही पुरतं खरं नाही. अर्थात हे सरासरीचं झालं. वीस-पंचवीस प्रश्नांवर नशीब दोन्हीकडे झुकतं, आणि पेपर काढणारा माणूस पर्याय असे ठेवतो की अर्धवट माहिती असलेला नेमका चुकीच्याकडे ओढला जावा. म्हणून मोकळ्या अंदाजावर फार विसंबू नये. पण माझं दुखणं तिथं नव्हतंच.

दुखणं निघालं मधल्या रकान्यात. दोनावर आणलेले ३० प्रश्न होते. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी १५ यायला हवे होते. माझे आले १२. तीनचा फरक म्हटलं तर नशिबाचाही असू शकतो, पण मला तो खटकला, आणि मी चुकलेले १८ प्रश्न एकेक करून उघडले. त्यातल्या सात प्रश्नांत बरोबर उत्तर मी स्वतःच कापलं होतं. उरलेल्या दोनात ते नव्हतंच. त्या सातांमध्ये नाणं उडवलं काय आणि देवाचा कौल लावला काय, दोन्ही पर्याय चुकीचेच. ते सात बाजूला काढले की २३ उरतात, आणि त्यातले १२ बरोबर. जवळपास निम्मे. म्हणजे माझा अंदाज जसा असायला हवा तसाच होता, काट चुकत होती.

मग त्या सातांवर काट का मारली हे आठवायला बसले. तीन ठिकाणी विधानात 'फक्त', 'सर्वच' किंवा 'कधीही नाही' असला शब्द होता. ही सोमवारची ट्रिक. टोकाचा शब्द दिसला की विधान चूक. भूगोलात, विज्ञानात ती पुष्कळदा चालते, कारण तिथं बहुतेक गोष्टींना अपवाद असतात. पण राज्यघटनेत आणि कायद्यात शब्दच टोकाचे असतात. राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही. धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येतं. ही दोन मला पाठ होती म्हणून तिथं मी फसले नसते. जिथं पाठ नव्हतं तिथं शब्द बघून कापलं आणि फसले. उरलेल्या चारांचं कारण तर सांगायलाही लाज वाटते. ते नाव किंवा ती योजना मी कधी ऐकली नव्हती. मी ऐकलं नाही म्हणून ते चूक, असा तो न्याय.

तिथून पुढे सरावाच्या पेपरात मी एक नेम केला. काट मारली की शेजारी दोन शब्दांत कारण लिहायचं. कारण लिहिता आलं नाही तर काट मारायची नाही, नुसता ठिपका द्यायचा. सुरुवातीला वेळ फार जायचा, शंभर प्रश्नांना दोन तास पुरायचे नाहीत. महिनाभरात कारण लिहायची गरज उरली नाही, पण हात काट मारायच्या आधी थबकायला लागला. ठिपका असलेला पर्याय बाद नाही. शेवटी दोन पर्याय उरले आणि त्यातल्या एकावर ठिपका असला तर मी दुसऱ्याकडे वळते, एवढंच त्याचं वजन.

याच काळात सोडवलेला एक प्रश्न सांगते, कारण काट कशी लावायची ते त्यात नीट दिसतं. 'खालीलपैकी कोणत्या नद्या गोदावरीला थेट मिळतात?' असा प्रश्न. अ) सिंदफणा, ब) दुधना, क) मांजरा, ड) तेरणा. पर्याय होते, (१) अ, ब, क. (२) अ, क. (३) ब, ड. (४) वरील सर्व.

पूर्वी मी वरून सुरुवात केली असती. सिंदफणा कुठं मिळते? बीड जिल्ह्यातून वाहते एवढं माहीत, पुढचं आठवेना. तिथंच दोन मिनिटं गेली असती. आता मी आधी चारही नावांवरून नजर फिरवते आणि ज्याबद्दल शपथ घेता येईल असं एक शोधते. तेरणा आमच्या दारातली. ती पुढे लातूर जिल्ह्यात जाऊन मांजरेला मिळते, गोदावरीला नाही. ड चूक. काट मारली, शेजारी लिहिलं 'मांजरेला'. आता पर्यायांकडे बघायचं. ड कशात आहे? तिसऱ्यात आणि चौथ्यात. एका नदीच्या माहितीवर दोन पर्याय गेले.

उरले पहिला आणि दुसरा. इथं पुन्हा नद्यांकडे न वळता उरलेले पर्याय एकमेकांशेजारी ठेवायचे. दोन्हींत अ आहे, दोन्हींत क आहे. म्हणजे सिंदफणेचं मला काहीही माहीत नसलं तरी बिघडत नाही, तो प्रश्न आता विचारलेलाच नाही. फरक एकाच अक्षराचा, ब. दुधना गोदावरीला मिळते की नाही? दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. परभणीच्या मैत्रिणीमुळं हे मला माहीत होतं. उत्तर दुसरा पर्याय. आणि समजा दुधनेचंही माहीत नसतं, तरी तो खरा पन्नास-पन्नासचा प्रश्न होता, कारण आधीची काट पक्की होती. असे चार प्रश्न ठोकले आणि दोन लागले तर चार गुण येतात, एक जातो. तीन गुण वर. हे सोडून द्यायचं काही कारणच नाही.

आता हाच प्रश्न जरा फिरवून विचारला तर बघा. नद्या त्याच, पण 'वरीलपैकी किती नद्या गोदावरीला थेट मिळतात?' आणि पर्याय फक्त एक, फक्त दोन, फक्त तीन, चारही. केंद्रीय आयोगाच्या २०२३ च्या पूर्व परीक्षेत असे 'किती'चे प्रश्न भरपूर आले होते. तेरणेची माहिती इथंही आहे, पण तिच्यानं फक्त 'चारही' जातो. बाकी तीन जिथल्या तिथं. दुधनेचं माहीत असलं की 'फक्त तीन' जातो, तरीही सिंदफणा आणि मांजरा दोन्ही ठाऊक असल्याशिवाय सुटका नाही. अशा प्रश्नांत मी आता ठरवूनच कमी वेळ घालवते. चारांतली तीन विधानं पक्की असतील तर चौथ्यावर अंदाज करते, कारण मग आकडा दोनांतलाच एक असतो. दोनच पक्की असतील तर पुढं जाते, वेळ उरला तर परत येते.

हे सगळं चालू असताना माझा धाकटा भाऊ लातूरला होता. बारावी, जेईईची तयारी, खोली करून राहायचा, मेसचा डबा. एक दिवस रात्री साडेदहाला फोन.

"ताई, तू ते कापाकापीचं सांगितली होतीस की. मी तसंच करायलो. मार्क वाढायच्या ऐवजी कमी यायलेत."

त्याला मी तेरणेचा प्रश्न कौतुकानं सांगितला होता. त्याच्या सराव पेपरचा फोटो मागवला आणि बघितल्यावर माझी चूक ध्यानात आली. त्याच्या पेपरात एक विभाग असा, की चार पर्यायांतले एक किंवा जास्त बरोबर, जेवढे बरोबर तेवढे सगळे निवडायचे. माझ्या परीक्षेत चार पर्याय एकमेकांचे वैरी असतात. एक खरा म्हणजे बाकी तीन खोटे, आणि म्हणून एक पडला की दुसऱ्याचं वजन वाढतं. त्याच्याकडं तसं नाही. तिथं प्रत्येक पर्याय हा स्वतंत्र खरं-खोटं आहे. सी चूक ठरला म्हणून बी बरोबर असण्याची शक्यता वाढत नाही. हा मात्र तीन कापले की राहिलेला आपोआप बरोबर धरत होता, आणि तिथवर चालतं, कारण निदान एक तरी बरोबर असतोच. पण दोन उरले की दोन्हींवर खूण करत होता.

वर गुणांचा नियम वेगळा. तो त्या विभागाच्या डोक्यावर छापलेला होता आणि त्यानं वाचलाही होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. सगळे बरोबर पर्याय निवडले तर चार गुण. तीन बरोबर असताना त्यातले दोनच निवडले, पण दोन्ही योग्य, तर दोन गुण. एकच योग्य निवडला तर एक. आणि निवडलेल्यांत एक जरी चुकीचा घुसला तर वजा दोन, मग बाकीचे कितीही बरोबर असोत.

त्यानं गमावलेला एक प्रश्न आम्ही फोनवरच सोडवला. आदर्श वायू निर्वातात मोकळा प्रसरण पावतो, भांडं उष्णतारोधक. ए) अंतर्गत ऊर्जेतला बदल शून्य. बी) वायूनं केलेलं कार्य शून्य. सी) उष्णतेची देवाणघेवाण शून्य. डी) एन्ट्रॉपीतला बदल शून्य. माझं विज्ञान बारावीनंतर सुटलं, त्यामुळं बोलायचं काम त्याच्याकडंच होतं.

"ए आणि बी मला पक्के होते. बाहेर दाबच नाही तर कार्य कशाचं?"

"मग सी?"

"सी वाटला होता बरोबर. आणि मग म्हटलं सगळंच शून्य आहे तर डी पण असंल."

चारही निवडले, वजा दोन. डी चूक आहे, कारण वायू एकदा पसरला की आपणहून परत गोळा होत नाही, अशा प्रक्रियेत एन्ट्रॉपी वाढतेच. ए आणि बी एवढेच ठेवले असते तर दोन गुण मिळाले असते. म्हणजे एका 'असंल'ची किंमत चार गुण. पण मला जास्त गंमत वाटली ती सीची. सी हा अंदाजाचा विषयच नव्हता. ऊर्जेतला बदल शून्य आणि कार्यही शून्य, हे दोन पक्के असतील तर उष्मागतिकीच्या पहिल्या नियमानं उष्णताही शून्यच निघते. त्यानंच हे मला सांगितलं, आणि सांगता सांगता गप्प झाला. प्रश्नात तर भांडं उष्णतारोधक असल्याचंही लिहिलेलं होतं. पक्क्या पर्यायांवरून संशयातला पर्याय काढता येतो का, हे त्यानं बघितलंच नव्हतं. तो प्रत्येकाकडं बघून 'वाटतंय का' एवढंच विचारत होता.

आणि जिथं तसं काढता येत नाही तिथं काय करायचं, हा खरा प्रश्न. मी त्याला वहीवर मांडून दाखवलं. समज, असे चार प्रश्न आहेत. प्रत्येकात दोन पर्याय पक्के, चौथा नक्की चूक, तिसऱ्याचा संशय. समज, चारांपैकी दोन प्रश्नांत तो तिसरा बरोबर निघाला. सगळीकडे तिसऱ्यावर खूण केली तर दोन प्रश्नांचे आठ मिळतील आणि दोनांचे वजा चार. एकूण चार. तिसरा सगळीकडे सोडला तर दोन प्रश्नांत दोन-दोन आणि उरलेल्या दोनांत, जिथं तो चूकच होता, तिथं पूर्ण चार-चार. एकूण बारा. चारापैकी तीन प्रश्नांत तो बरोबर असेल तर मात्र दोन्ही हिशेब दहावर येतात. म्हणजे चारात तीन वेळा खरं निघेल इतकी खात्री असल्याशिवाय संशयाच्या पर्यायाला हात लावायचा नाही. माझ्या परीक्षेत पाचात एक लागला तरी तोटा नव्हता आणि याच्याकडं चारात तीन लागले तरी फायदा नाही. एकाच घरात दोन परीक्षा, आणि मी माझं औषध त्याला पाजलं होतं.

माझी रूममेट अभियांत्रिकीची, गेट देणारी. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमचं तिसरंच आहे. गेटमध्ये २०२१ पासून असे अनेक बरोबर उत्तरांचे प्रश्न आहेत, पण त्यात चुकीला गुण वजा होत नाहीत आणि अर्धवटाला गुणही नाहीत. सगळे बरोबर निवडले तर पूर्ण, नाहीतर शून्य. तिथं संशयाचा पर्याय सोडून काही वाचत नाही. निम्म्याहून जास्त वाटलं तर खूण करायची, कमी वाटलं तर नाही, आणि प्रश्न मात्र कोरा कधीच ठेवायचा नाही. गंमत म्हणजे ती त्यातले बरेच प्रश्न कोरे ठेवून यायची, कारण नेहमीच्या एक-उत्तरी प्रश्नांना तिथं एक तृतीयांश वजा असतात आणि ती भीती तिच्या हातात बसली होती.

माझा दुसरा प्रयत्न झाला. पुस्तिका घरी आणून तेच तीन रकाने पाडले. दोनावर आणलेले २७ होते, १५ बरोबर. चुकलेल्या १२ मध्ये बरोबर उत्तर मी स्वतः कापलेलं असं दोनदाच घडलं होतं. पक्क्यांची संख्या वाढली होती, ती अभ्यासानं, त्यात या कशाचा वाटा नाही. पूर्व पार झाली. मुख्य परीक्षेचं वेगळं रामायण आहे, ते इथं नको.

त्याच सुमारास भावाचा पुन्हा फोन आला, या वेळी चिडून.

"तुझ्यामुळं दोन मार्क गेले. तिसरा पर्याय सोडला आणि तोच बरोबर निघाला. मला वाटलंच होतं."

"असे किती प्रश्न सोडलास तिसरा न निवडता?"

"सहा."

"सहाचे सहा बघ आणि मग बोल."

पानं उलटल्याचा आवाज आला. सहापैकी दोनांत तिसरा बरोबर होता, चारांत चूक. सोडल्यामुळं त्याला दोनांचे चार आणि चारांचे सोळा, असे वीस मिळाले होते. सगळीकडे खूण केली असती तर आठ मिळून आठ गेले असते. हे त्यानं स्वतःच मोजलं, मला मोठ्यानं ऐकू येत होतं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

"डबा आलाय," तो म्हणाला, "ठेवतो."